पॅक-मॅनची किल स्क्रीन: २५६व्या लेव्हलला पडदा अर्धाच का फुटतो?

अनघा_के

जुन्या आर्केड गेम्सना किल स्क्रीन का असायची, हे शोधायला गेलं की सगळीकडे एकच उत्तर मिळतं. लेव्हलचा आकडा एका बाइटमध्ये होता, २५५ च्या पुढे जागा नव्हती, आकडा उलटून शून्य झाला आणि गेम कोसळला. १९८० च्या पॅक-मॅनबद्दल तर हे हमखास सांगतात.

मला हे पुरेसं वाटत नाही. आकडा उलटून शून्य झाला असेल तर पहिली लेव्हल पुन्हा यायला हवी, अक्षरांचा आणि फळांच्या तुकड्यांचा कचरा कशाला येईल? आला तर उजव्याच अर्ध्या भागात का? डावीकडचा चक्रव्यूह जसाच्या तसा असतो. आणि गेम कोसळत तर नाहीच. भुतं फिरतात, आवाज चालू असतो, स्कोअर वाढतो, फक्त लेव्हल संपत नाही. हे तिन्ही एका कारणातून कसं निघतं, हे कुणी नीट सांगेल का? असेंब्ली वाचता येते, अगदी बाळबोध करून सांगू नका.

बिनकामाचा_इंजिनिअर

उत्तर तुम्हीच दिलंय की. ८ बिटचा प्रोसेसर, म्हणजे ० ते २५५ एवढंच मोजता येतं. त्यात तेव्हा मेमरी सोन्याच्या भावाची, दोन बाइट खर्च करणं परवडायचं नाही. २५५ नंतर काउंटर ओव्हरफ्लो झाला, मेमरीत नको तिथे लिहिलं गेलं, पडद्यावर कचरा आला. त्या काळच्या सगळ्याच गेम्सची किल स्क्रीन २५६ ला येते ती याचमुळे.

झेड८०वाला

बिनकामाचा, "नको तिथे लिहिलं गेलं" एवढं बरोबर आहे. बाकीचं दुरुस्त करायला हवं.

झेड-८० आठ बिटचा असला तरी `HL`, `DE`, `BC` या जोड्यांमध्ये १६ बिटचं गणित सहज होतं. पॅक-मॅनचा स्कोअर लाखांत जातो, तो काय एका बाइटमध्ये बसतो? बाइट वाचवण्याचं म्हणाल तर बोर्डावर कामाची रॅम १ केबी आहे. त्यात आणखी एक बाइट मिळाला नसता असं नाही. कुणी २५६ लेव्हल खेळेल असं गृहीतच धरलं नव्हतं, म्हणून एक बाइट ठेवला. निष्णात खेळाडूलाही तिथवर पोचायला काही तास लागतात.

पण मुख्य मुद्दा निराळाच आहे. २५६व्या लेव्हलला लेव्हलचा काउंटर उलटलेलाच नसतो! तो `4E13` या पत्त्यावर आहे आणि शून्यापासून मोजतो. पहिल्या लेव्हलला तिथे ० असतो, २५६व्या लेव्हलला २५५, म्हणजे `FF`. बाइटमध्ये अगदी मापात बसतो. म्हणूनच गेमचा बाकी भाग शहाण्यासारखा चालू राहतो.

घोळ होतो तो खाली उजव्या कोपऱ्यात फळं काढणाऱ्या छोट्या रूटीनमध्ये. तुम्ही कुठल्या लेव्हलवर आहात हे दाखवायला तिथे चेरी, स्ट्रॉबेरी, संत्रं अशी रांग लागते, जास्तीत जास्त सात. ते रूटीन असं आहे:

```
2BF0  ld   a,(4E13)   ; लेव्हल, शून्यापासून
2BF3  inc  a          ; आता एकपासून
2BF4  cp   08
2BF6  jp   nc,2C2E    ; ८ किंवा जास्त असेल तर तिकडे
2BF9  ld   de,3B08    ; फळांचा तक्ता
2BFC  ld   b,a        ; किती फळं काढायची
2BFD  ld   c,07       ; एकूण जागा सात
2BFF  ld   hl,4004    ; पडद्यावरची सुरुवात
2C02  ...             ; एक फळ काढा, hl दोनने पुढे, c एकने कमी
2C17  djnz 2C02
```

पाचव्या लेव्हलला `4E13` मध्ये ४ असतो, `inc` नंतर ५ होतो, तो ८ पेक्षा कमी म्हणून `B` मध्ये ५ जातो आणि पाच फळं निघतात. आठव्या लेव्हलपासून `2C2E` चा रस्ता. तिथे आकडा १९ च्या वर जाऊ दिलेला नाही, तक्त्यात कुठून सुरुवात करायची ते ठरतं आणि `B` मध्ये कायम ७ टाकून परत `2BFD` ला येतात. म्हणजे मर्यादा घातलेलीच होती. लिहिणारा गाफील नव्हता.

आता २५६वी लेव्हल घ्या. `A` मध्ये `FF` येतो, `inc` नंतर ०० होतो. शून्य आठपेक्षा लहान, म्हणून लहान लेव्हलचा रस्ता पकडला जातो आणि मर्यादेची तपासणी वाटेत येतच नाही. `B` मध्ये शून्य. `DJNZ` आधी `B` एकने कमी करतो आणि मग शून्य झाला का ते बघतो. शून्यातून एक गेला की `FF`. म्हणजे "शून्य फळं काढ" याचा अर्थ "२५६ फळं काढ" असा झाला.

तेव्हा ओव्हरफ्लो आहे, पण तो `A` रजिस्टरमधल्या क्षणभराच्या प्रतीचा. आणि नुसत्या ओव्हरफ्लोने काही बिघडलं नसतं. लूपच्या आधी `B` शून्य आहे का हे कुणी विचारलं असतं तर खालची फळांची रांग रिकामी दिसली असती, इतकंच.

अनघा_के

हे भारी आहे. म्हणजे पहिल्या शंकेचं उत्तर मिळालं. तक्त्यात इतकी फळं नाहीत, म्हणून तक्ता संपल्यावर रॉममधला पुढचा डेटाच फळ समजून काढला जातो, बरोबर?

पण २५६ फळं काढली तर ती उजवीकडेच का साचतात?

झेड८०वाला

तक्त्याचं बरोबर. एका फळाला दोन बाइट, एक टाइलचा नंबर आणि एक रंग. तक्त्यातलं शेवटचं फळ म्हणजे चावी, तिच्या नोंदी संपल्या की पुढे जो काही डेटा असेल त्याचेच टाइल आणि रंग होतात. म्हणून प्रत्येक वेळी, प्रत्येक मशीनवर कचरा तोच दिसतो. उजव्या बाजूचं स्तंभकाका सांगतील, व्हिडिओ रॅम हा त्यांचा प्रांत.

स्तंभकाका

हाक मारलीत, आलो.

पॅक-मॅनचा मॉनिटर उभा बसवलेला असतो, त्यामुळे व्हिडिओ रॅमची मांडणी आपल्या सवयीची नाही. टाइलची रॅम `4000` ते `43FF` आणि रंगाची `4400` ते `47FF`. यातल्या `4000` ते `403F` या पत्त्यांमध्ये पडद्याच्या तळाच्या दोन ओळी आहेत, त्याही उजवीकडून डावीकडे. चक्रव्यूह सुरू होतो `4040` पासून, वरच्या उजव्या कोपऱ्यात. पत्ता एकने वाढला की एक घर खाली, `20h` ने वाढला की एक घर डावीकडे. म्हणजे चक्रव्यूह उजवीकडून एकेक उभा स्तंभ असा साठवला आहे. असे २८ स्तंभ, प्रत्येकी ३२ घरं.

आता फळं मांडा. सुरुवात `4004` ला, दर फळाला दोन घरं पुढे. तळाच्या पहिल्या ओळीत `401F` पर्यंत १४ फळं बसतात. दुसऱ्या ओळीत `4020` ते `403F`, १६ फळं. झाली ३०. उरली २२६. ती `4040` पासून पुढे चक्रव्यूहात घुसतात. एका स्तंभात ३२ घरं म्हणजे १६ फळं, तेव्हा १४ स्तंभांत २२४ संपतात आणि शेवटची दोन पंधराव्या स्तंभाच्या डोक्यावर येतात. २८ पैकी १४ स्तंभ, म्हणजे बरोब्बर उजवा अर्धा भाग.

निम्म्यावर थांबण्यामागे काही योजना वगैरे नाही. २५६ गुणिले २ म्हणजे ५१२ बाइट, आणि चक्रव्यूह ८९६ बाइटचा. तळाच्या ओळींत ६० बाइट गेले, उरलेले ४५२ निम्म्याच्या चार पुढे जाऊन संपले.

गेम कोसळत नाही तेही यातच आलं. सगळं लिखाण टाइल आणि रंगाच्या रॅममध्येच होतं. गेमची चलं `4C00` च्या पुढे आहेत, तिथवर हे पोचत नाही. `HL` जिथे संपतो ते `4204`.

सदाशिव_पेठी

चर्चा चांगली चालली आहे. माझ्याकडे जुन्या बाजारातून घेतलेला पॅक-मॅनचा बोर्ड आहे. चालू केल्या केल्या पडद्यावर असाच कचरा येतो, आकडे, अक्षरं, रंगीत चौकोन. आधीच्या मालकाने २५६ पर्यंत खेळून तसाच बंद केला असेल का? किल स्क्रीन पुसायची कशी?

सर्किटराव

पेठीसाहेब, किल स्क्रीन बोर्डात साठून राहत नाही. वीज गेली की रॅम कोरी होते आणि पुढच्या वेळी लेव्हल पहिलीच. तुमचा आजार हार्डवेअरचा आहे.

ओळखायची खूण सोपी आहे. किल स्क्रीनमध्ये डावा भाग स्वच्छ असतो, वरचा स्कोअर वाचता येतो. रॅम बिघडली असेल तर कचरा सगळ्या पडद्यावर पसरतो, डेमोतही दिसतो. चालू होताना बोर्ड स्वतःची चाचणी घेतो, त्यात रॅम नापास झाली तर तसा `BAD` चा संदेश दाखवतो. मूळ बोर्डावर २११४ जातीच्या रॅम चिप असतात. एका चिपमध्ये पत्त्यामागे चारच बिट, म्हणून व्हिडिओ रॅमला दोन आणि रंगाच्या रॅमला दोन. टाइल चुकीच्या पण रंग बरोबर असतील तर पहिली जोडी बघा, उलट असेल तर दुसरी. त्याआधी सॉकेटमधल्या चिप काढून पाय साफ करा आणि ५ व्होल्ट खरंच ५ आहेत का ते बोर्डावर मोजा, पुरवठ्यापाशी नको. चिप बदलायचं त्यानंतर.

सदाशिव_पेठी

धन्यवाद. बोर्डावर ४.६ येतंय. पुरवठा बदलून बघतो.

मिलिंद_ट्रोम्बे

मूळ विषयावर येतो. लेव्हल संपत का नाही, ही अनघाताईंची तिसरी शंका राहिली आहे.

लेव्हल संपली हे गेम कसं ठरवतो? पडद्यावर ठिपके उरलेत का ते बघत नाही. खाल्लेल्या ठिपक्यांची मोजणी ठेवतो आणि ती २४४ झाली की लेव्हल संपवतो. २४० साधे आणि ४ मोठे. २५६व्या लेव्हलला उजवीकडचे ठिपके फळांनी झाकून टाकले, म्हणून २४४ मिळूच शकत नाहीत.

गंमत अशी की या गेममध्ये व्हिडिओ रॅम हाच नकाशा आहे. समोर भिंत आहे का, ठिपका आहे का, हे गेम टाइलचा नंबर वाचूनच ठरवतो. नंबर `C0` किंवा वर असेल तर भिंत. `10` असेल तर ठिपका. त्यामुळे उजवीकडे कचऱ्याने जुन्या भिंती पुसल्या गेल्या आणि भलतीकडे नव्या वाटा झाल्या. आणि कचऱ्यातल्या ९ घरांत नेमका `10` पडला आहे, म्हणून तिथे ९ खाता येण्याजोगे ठिपके आहेत. रंग चुकीचा आल्याने त्यातले काही दिसत नाहीत, पाठ असावे लागतात.

अनघा_के

मग हिशोब असा का, की डावीकडचे १२२ अधिक उजवीकडचे ९, एकूण १३१? मी इतरत्र डावीकडचे ११४ असं वाचलंय. चक्रव्यूह दोन्ही बाजूंना सारखा आहे, २४४ चे निम्मे १२२ होतात. बाकीचे ८ कुठे गेले?

बिनकामाचा_इंजिनिअर

११४ ही कुणाची तरी मोजण्यातली चूक असेल. किंवा मोठे ठिपके वेगळे मोजले असतील.

स्तंभकाका

मोजणी बरोबर आहे, ११४ च. त्यात मोठे दोन धरलेले आहेत. ते ८ कुठे गेले हे कोडमधूनच निघतं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हाच सगळ्यात मजेचा भाग आहे.

पहिली गोष्ट, फळ दोन बाय दोन टाइलचं असतं. एका फळाला `HL`, `HL+1`, `HL+20h` आणि `HL+21h` अशी चार घरं लागतात. मघाशी मी फक्त पहिल्या दोनांचा हिशोब दिला. चौदाव्या स्तंभातली फळं आपला डावा अर्धा भाग पंधराव्या स्तंभात टाकतात. पंधरावा स्तंभ म्हणजे डाव्या बाजूचा, मध्याला चिकटलेला. त्यात ठिपके मुळात दोनच असतात, एक वरच्या लांब आडव्या गल्लीत आणि एक अगदी तळाच्या गल्लीत. दोन्ही गेले.

दुसरी गोष्ट, शेवटची दोन फळं पंधराव्या स्तंभाच्या डोक्यावर, `4200` आणि `4202` ला. त्यांचा डावा अर्धा भाग सोळाव्या स्तंभाच्या पहिल्या चार घरांत पडतो. सोळाव्या स्तंभात वरून एक उभी गल्ली उतरते. पहिलं घर रिकामं, दुसरं भिंतीचं, पुढच्या दोन घरांतले दोन ठिपके गेले. झाले चार.

उरले चार. ते फळांनी गेलेलेच नाहीत. फळं काढून झाल्यावर रूटीन उरलेल्या जागा पुसतं. तिसऱ्या लेव्हलला तीन फळं काढली की `C` मध्ये ७ वजा ३, म्हणजे ४ उरतात, आणि चार जागा कोऱ्या केल्या जातात. २५६ वेळा लूप फिरल्यावर `C` मध्ये काय उरेल? ७ वजा २५६, आठ बिटमध्ये पुन्हा ७. म्हणजे रूटीनला वाटतं की एकही फळ काढलेलं नाही, सातही जागा पुसायच्या आहेत. ते `4204` पासून पुढे सात कोरे चौकोन काढतं. पंधराव्या आणि सोळाव्या स्तंभातली, वरून पाचव्या घरापासून अठराव्या घरापर्यंतची सगळी घरं कोरी होतात. पंधराव्यात काही शिल्लकच नव्हतं, सोळाव्यात त्या पट्ट्यात चार ठिपके होते.

२ + २ + ४ = ८. १२२ वजा ८, ११४. किल स्क्रीनचं चित्र काढून बघा, मध्याच्या किंचित डावीकडे वरच्या भागात एक काळा पट्टा दिसेल. तो हाच.

अनघा_के

अशक्य! `C` पुन्हा सातवर येतो हे लक्षातच आलं नव्हतं.

मिलिंद_ट्रोम्बे

आता यावरून स्कोअरचा हिशोबही जुळतो का ते बघू. पॅक-मॅनचा जास्तीत जास्त शक्य स्कोअर ३३,३३,३६० सांगतात.

एक जीव गेला की पडदा नव्याने मांडला जातो, फळांचं रूटीन पुन्हा चालतं आणि तो कचरा परत काढला जातो. त्यामुळे उजवीकडचे ९ ठिपके परत येतात. डावीकडचे मात्र खाल्ले ते गेले, कारण त्यांची नोंद वेगळी ठेवलेली असते. स्विच पाच जीवांवर ठेवला आणि एक बोनसचा मिळाला तर सहा जीव. सहा नव्वे ५४. ११४ अधिक ५४, १६८.

फळ कधी येतं? ७० ठिपके झाले की एकदा आणि १७० झाले की दुसऱ्यांदा. १६८ वर खेळ संपतो, म्हणजे दुसरं फळ दोन ठिपक्यांनी हुकतं! एकच चावी मिळते, ५००० ची. साधे ठिपके ११२ अधिक ५४, त्याचे १,६६०, मोठ्या दोनांचे १००. तेव्हा २५६व्या लेव्हलचे ६,७६०.

आता आधीच्या २५५ लेव्हल. ठिपक्यांचे प्रत्येकी २,६०० म्हणजे ६,६३,०००. भुतं निळी होतात त्या १७ लेव्हल, १ ते १६ आणि १८वी. प्रत्येकी १२,०००, म्हणजे २,०४,०००. पहिल्या बारा लेव्हलच्या फळांचे २९,६००, पुढच्या २४३ लेव्हलच्या चाव्यांचे प्रत्येकी १०,०००, म्हणजे २४,३०,०००. सगळं मिळवा: ३३,२६,६००. त्यात ६,७६० मिळवले की ३३,३३,३६०. डावीकडे ११४ च्या ऐवजी १२२ धरले तर हा आकडा जुळत नाही, तेव्हा काकांची बेरीज पक्की.

बिनकामाचा_इंजिनिअर

मान गये. पण माझा मूळ मुद्दा अजून उभा आहे, बाकीच्या गेम्सचीही मर्यादा २५६ च ना?

झेड८०वाला

मर्यादा २५६ ची, पण ती लेव्हललाच लागू होते असं नाही. डाँकी काँग बघा, निन्टेन्डोचा, १९८१ चा. तिथे किल स्क्रीन २२व्या लेव्हलला येते. बोनसचा वेळ काढायचं सूत्र म्हणजे लेव्हल गुणिले १०, अधिक ४०, आणि उत्तर शेकड्यांत. फार मोठं आलं तर ते ८० वर, म्हणजे ८,००० वर आणून ठेवतात. २१व्या लेव्हलला २१० + ४० = २५०, बाइटमध्ये बसतं, ८० वर येतं, सगळं ठीक. २२व्या लेव्हलला २६०. बाइटमध्ये उरतात ४. चार हे ८० पेक्षा लहान, म्हणून मर्यादेची तपासणी त्याला सोडून देते. बोनस ४०० पासून सुरू होतो आणि मारिओ वर पोचायच्या आत वेळ संपून मरतो. पडदा अगदी स्वच्छ, एक टाइलही इकडची तिकडे नाही.

दोन्हीकडे मर्यादा घातलेली होती, पण ती गणित झाल्यानंतर तपासली. तोवर आकडा उलटून लहान झालेला असतो. कुठे कचरा, कुठे संपलेला वेळ, हे तो उलटलेला आकडा पुढे कोण वापरतं त्यावर ठरतं.

अनघा_के

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला काय करावं लागेल? २५५ लेव्हल खेळायची तयारी नाही.

झेड८०वाला

`MAME` च्या डीबगरमध्ये पाच मिनिटांचं काम आहे.

```
mame pacman -debug
do b@4e13=fe
bp 2bfd
```

गेम सुरू करा, पहिली लेव्हल चालू असताना डीबगरमध्ये जाऊन दुसरी ओळ द्या. गेमला वाटेल ही २५५वी लेव्हल आहे. तिसरी ओळ देऊन ती लेव्हल संपवा. संपवायचाही कंटाळा असेल तर स्विचच्या यादीत रॅक टेस्ट आहे. पुढच्या लेव्हलला `2BFD` वर थांबेल. रजिस्टरमध्ये `B` बघा, ०० असेल. आता इथेच हे द्या आणि पुढे चालवा:

```
wp 4040,1,w
```

चक्रव्यूहाच्या पहिल्या घराला हात लागताच थांबेल, तेव्हा `B` मध्ये `F2` दिसेल. म्हणजे १४ फळं झाली, पंधरावं चालू आहे, आणि त्याचा `HL+20h` चा भाग चक्रव्यूहात पडतोय. हा वॉचपॉइंट आधी लावू नका, नाहीतर नेहमीचा चक्रव्यूह काढतानाच अडकेल.

स्तंभकाका

आणि दुरुस्ती करायची असेल तर एकही जास्तीचा बाइट लागत नाही. `inc` आधी न करता तपासणीनंतर करायचा, आणि तुलनेचे आकडे एकेकाने कमी करायचे:

```
2BF3  FE 07      cp  07
2BF5  D2 2E 2C   jp  nc,2C2E
2BF8  3C         inc a
2C2F  12         ; आधी 13
2C33  12         ; आधी 13
2C35  06         ; आधी 07
```

आता `FF` वाढवलाच जात नाही, सरळ मोठ्या रस्त्याने जातो, १८ वर अडकतो आणि सात चाव्या निघतात. `pacman` संचात हा भाग `pacman.6h` या फाइलमध्ये आहे, `2BF3` म्हणजे फाइलमधला `0BF3`.

एवढंच करून थांबलात तर गेम सुरूच होणार नाही. चालू होतानाची चाचणी रॉमच्या सम पत्त्यांची बेरीज वेगळी आणि विषम पत्त्यांची वेगळी करते, दोन्ही शून्य यायला हव्यात. वरच्या बदलांनी सम बेरीज `75h` ने आणि विषम `87h` ने वाढते. म्हणून `2FFE` मधल्या बाइटमधून `75h` आणि `2FFF` मधल्या बाइटमधून `87h` वजा करा, उसनं आलं तर सोडून द्या. फाइल बदलली म्हणून `MAME` चेकसमची तक्रार करेल, पण चालवेल.

मिलिंद_ट्रोम्बे

पॅच लावल्यावर २५६वी लेव्हल पूर्ण करता येते आणि तेव्हा `4E13` खरोखर उलटून ० होतो. म्हणजे २५७व्या लेव्हलला खाली पुन्हा एक चेरी. अनघाताईंच्या पहिल्या शंकेतलं "पहिली लेव्हल यायला हवी" ते इथे होतं.

अनघा_के

मग भुतंही पुन्हा पहिल्या लेव्हलसारखी संथ होतात का?

झेड८०वाला

माझं मत, नाही. भुतांचा वेग आणि निळं राहण्याची वेळ `4E13` वरून ठरत नाही. त्यासाठी `4E0A` ला वेगळा पॉइंटर आहे, तो दर लेव्हलला तक्त्यात एक पाऊल पुढे जातो आणि शेवटच्या नोंदीवर थांबून राहतो. चेरी दिसेल, पण भुतं २१व्या लेव्हलचीच.

मिलिंद_ट्रोम्बे

मला तसं वाटत नाही. पॅच लावून तुम्ही दिलेल्या रस्त्याने मी २५७ ला गेलो तेव्हा भुतं निळी होत होती.

स्तंभकाका

तुम्ही पहिल्या लेव्हलला `4E13` मध्ये `FE` टाकून गेलात ना? मग तो पॉइंटर तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच असणार, निळी होणारच. या रस्त्याने काहीच सिद्ध होत नाही. आधी रॅक टेस्टने २५ एक लेव्हल खऱ्या ओलांडा, `4E0A` चे दोन बाइट टिपून ठेवा, मग `FE` टाका, दोन लेव्हल संपवा आणि तेच दोन बाइट परत वाचा. सारखे निघाले तर झेड८०वाल्यांचं खरं.

मिलिंद_ट्रोम्बे

रविवारी करून आकडे इथेच टाकतो.